क्रुस्कल: माझं उत्तर ३०, वहीत ३९. मी कुठली एज चुकीची नाकारली?

पावसाळी_ढग

नमस्कार. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात अल्गोरिदमचा पेपर आहे. सगळे नोड कमीत कमी एकूण वजनात जोडायच्या क्रुस्कलच्या एका गणितावर दोन दिवस अडकले आहे.

ग्राफमध्ये सात नोड आहेत: अ, ब, क, ड, इ, फ, ग. एज अकरा. वजनाच्या चढत्या क्रमाने लावून घेतल्या त्या अशा:

अ–ब ३, ड–इ ४, ब–क ५, इ–फ ६, अ–क ७, ड–फ ८, ब–ड ९, क–ड १०, इ–ग १२, ड–ग १४, क–फ १५.

एका सीनिअरने सांगितलेला नियम मी वापरते: एजची दोन्ही टोकं आधीच कुठल्यातरी घेतलेल्या एजमध्ये येऊन गेली असतील, तर ती घेतल्याने सायकल होते, म्हणून ती सोडायची. त्याप्रमाणे पहिल्या चार घेतल्या. अ–क आणि ड–फ सोडल्या. ब–ड सोडली, कारण ब आणि ड दोन्ही येऊन गेले होते. क–डसुद्धा तशीच सुटली. इ–ग घेतली, कारण ग नवा आहे. शेवटच्या दोन सोडल्या. बेरीज ३ + ४ + ५ + ६ + १२ = ३०.

वर्गातल्या वहीत ३९ आहे. आपल्याला कमीत कमी वजन हवंय, तर मग ३० हे ३९ पेक्षा चांगलं नाही का? की वहीतच चूक आहे?

अर्धवर्तुळ

वहीत चूक नाही. नियम तुझा ठीकच आहे, मीही तोच वापरून पास झालो. गडबड मोजणीत आहे. सात नोड असले की ट्रीमध्ये सहा एज लागतात, तुझ्या पाचच आहेत. एक कुठेतरी राहिली. सहा भरल्या की उत्तर बरोबर, एवढं लक्षात ठेव.

पावसाळी_ढग

धन्यवाद दादा. पण सहावी कुठली? सोडलेल्यांपैकी सगळ्यात हलकी अ–क ७ आहे. ती घेतली तर ३७ होतात, आणि तेही ३९ पेक्षा कमीच.

खडू_फळा

पावसाळी_ढग, आधी एक कर. तू घेतलेल्या पाच एज कागदावर काढ, बाकी काही काढू नकोस. मग अ वर बोट ठेव आणि रेषांवरून बोट न उचलता ग पर्यंत जायचा प्रयत्न कर.

जाता येणार नाही. अ, ब, क एका बाजूला राहतात आणि ड, इ, फ, ग दुसऱ्या बाजूला. तुझे ३० स्वस्त दिसतात, कारण त्यांत जोडणीच पूर्ण झालेली नाही. अ–क घालून ३७ केलेस तरी दोन तुकडे तसेच, उलट अ–ब–क–अ असा त्रिकोण तयार झाला. म्हणून अर्धवर्तुळ, सहा भरल्या की बरोबर हे मला मान्य नाही. कुठल्या सहा, हे बघावंच लागतं.

खरी चूक त्या नियमात आहे. सायकल कधी होते? एजच्या दोन टोकांच्या मध्ये आधीपासून वाट असेल तेव्हा. दोन्ही नोड कुठेतरी येऊन गेलेत, एवढ्याने वाट असल्याचं सिद्ध होत नाही. क्रुस्कलमध्ये झाड एका जागेवरून वाढत नाही. एकाच वेळी ठिकठिकाणी छोटे तुकडे तयार होतात आणि पुढे ते एकमेकांना जोडले जातात. दोन्ही टोकं 'जुनी' असूनही वेगवेगळ्या तुकड्यांत असू शकतात, आणि तशी एज तर हवीच असते.

मी फळ्यावर हे गटाच्या अक्षराने करून घेत असे. प्रत्येक नोडच्या खाली सुरुवातीला त्याचंच अक्षर लिही. एज घेतलीस की एका गटाची सगळी अक्षरं पुसून दुसऱ्या गटाचं अक्षर लिही. एज तपासताना फक्त खालची अक्षरं बघायची. सारखी असतील तर नाकार, वेगळी असतील तर घे.

पहिल्या चार एज घेतल्यावर तुझी पाटी अशी दिसेल:

```
नोड   अ  ब  क  ड  इ  फ  ग
गट    अ  अ  अ  ड  ड  ड  ग
```

आता अ–क ७. दोघांखाली अ आहे, म्हणजे वाट आहे (अ–ब–क). नाकार. ड–फ ८. दोघांखाली ड, वाट ड–इ–फ. नाकार.

पुढची ब–ड ९, आणि तुझं गणित इथेच घसरलं. ब खाली अ आहे, ड खाली ड आहे. दोन्ही नोड येऊन गेलेत, पण गट वेगळे. ही घ्यायलाच हवी. घेतलीस की ड, इ, फ खालची अक्षरं पुसून तिथे अ लिही. क–ड १० तपासायला गेलीस की दोघांखाली अ, वाट क–ब–ड, नाकार. ही तूही नाकारली होतीस, पण त्या वेळी तुझ्या कागदावर क आणि ड यांच्यात वाट नव्हतीच. उत्तर जुळलं, पण त्यामागचं कारण चुकीचं होतं. इ–ग १२ मध्ये ग चा गट अजून वेगळा, घे. सहा एज झाल्या: ३, ४, ५, ६, ९, १२. बेरीज ३९.

विहीरवाला

मी शेतकरी आहे, कॉम्प्युटरचं मला कळत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वस्तीवर विहिरीपासून पाइप टाकायचं काम मी स्वतः केलंय. अ ला विहीर धरली, तर अ पासून क पर्यंत सरळ पाइप ७ चा आहे. तुम्ही तो नाकारता आणि पाणी ब वरून फिरवून नेता, म्हणजे ३ आणि ५ मिळून ८. क च्या मालकाने हे का ऐकावं? जवळचा रस्ता सोडून लांबचा घ्यायचा, हे मला पटत नाही.

खडू_फळा

विहीरवाला, क च्या मालकाच्या बाजूने तुमचं म्हणणं खरं आहे. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. विहिरीपासून प्रत्येकाचं अंतर कमीत कमी हवं, हा एक प्रश्न. सगळ्यांना जोडायला एकूण पाइप कमीत कमी लागावा, हा दुसरा. क्रुस्कल दुसऱ्याचं उत्तर देतो. ब पर्यंत पाइप आलेलाच आहे, तिथून क ला न्यायला ५ नवे लागतात आणि अ पासून स्वतंत्र न्यायला ७. एकूण खरेदीत २ वाचतात आणि क ला १ जास्त फिरावं लागतं.

पहिल्या प्रश्नाला डायक्स्ट्राची पद्धत लागते. याच ग्राफवर अ ला विहीर धरून केलं, तर अ–ब, अ–क, ब–ड, ड–इ, ड–फ, ड–ग असं झाड येतं. एकूण पाइप ४५. म्हणजे क्रुस्कलने बाजूला ठेवलेल्या पाचपैकी तीन एज तिथे परत येतात. एज नाकारली म्हणजे ती वाईट ठरली असं नाही, या प्रश्नापुरती ती जास्तीची ठरली.

पावसाळी_ढग

गटाची अक्षरं करून पाहिली, ३९ आलं! माझी चूक ब–ड लाच झाली होती.

पण एक गोष्ट अजून खटकते. ७ आणि ८ च्या एज नाकारल्या आणि १२ ची घेतली. परीक्षेत 'का' विचारलं तर 'सायकल होते म्हणून' एवढंच लिहायचं? ७ ची ठेवून त्याच सायकलमधली दुसरी कुठली काढली तर का चालणार नाही?

खडू_फळा

करून बघ. अ–ब–क या सायकलमध्ये ३, ५ आणि ७ आहेत. ७ ठेवून ५ काढलेस, तरी तिघं जोडलेलेच राहतात, पण खर्च २ ने वाढतो. ३ काढलेस तर ४ ने वाढतो.

असं प्रत्येक वेळी होणारच. एखादी एज नाकारतोस तेव्हा तिच्या दोन टोकांमधली वाट आधी घेतलेल्या एजनी बनलेली असते, आणि आधी घेतलेल्या म्हणजे यादीत वर असलेल्या, म्हणजे हलक्या किंवा फार तर तेवढ्याच वजनाच्या. त्यामुळे नाकारलेली एज तिच्या सायकलमध्ये कधीच हलकी नसते, सगळ्यात जड असते. १२ ची एज ७ शी स्पर्धा करून आलेली नाही. ग पर्यंत जायला १२ आणि १४ असे दोनच पर्याय होते, तिची तुलना १४ शी.

यातून पडताळा मिळतो, आणि मुलांनी पेपर देण्याआधी तो करावा असं मला मनापासून वाटतं. उत्तराच्या झाडात नसलेली प्रत्येक एज उचल, तिच्या दोन टोकांमधली झाडातली वाट चालत जा, आणि वाटेत तिच्यापेक्षा जड कुणी भेटतं का बघ. भेटलं तर उत्तर चुकलं. क–फ १५ साठी वाट आहे क–ब–ड–इ–फ, त्यावर ५, ९, ४, ६. कुणीच १५ च्या वर नाही. आणि वाटच सापडली नाही, तर तुझं झाड तुटलेलं आहे. तुझ्या ३० च्या उत्तरात ब–ड ची वाट शोधली असतीस, तर चूक लगेच दिसली असती.

रात्रपाळी

मीही इथे एकदा पडलोय, तेही प्रोग्राममध्ये, म्हणून लिहितो. अर्धवर्तुळ यांच्या 'सहा झाल्या की बरोबर' यावर माझा प्रोग्राम थांबत असे. हाच ग्राफ माझ्या जुन्या कोडला दिला तर ३३ उत्तर येतं, आणि एज बरोबर सहा!

चूक या ओळीत होती:

```python
if parent[u] != parent[v]:
    parent[find(u)] = find(v)
```

खडू_फळा मॅडम फळ्यावर सगळ्या गटाची अक्षरं पुसून नवी लिहितात. प्रोग्राममध्ये तेवढं पुसायला वेळ लागतो, म्हणून फक्त गटाच्या मुखियाची parent मधली नोंद बदलतात. बाकीच्यांच्या नोंदी जुन्याच राहतात. अ–ब घेतल्यावर अ ची नोंद ब कडे. ब–क घेतल्यावर ब ची नोंद क कडे. आता अ–क आली. अ च्या नोंदीत ब, क च्या नोंदीत क, वेगळे दिसतात, म्हणून कोडने ती घेतली. ड–फ चंही तसंच झालं. ३, ४, ५, ६, ७, ८ अशा सहा एज झाल्या, कोड समाधानाने थांबलं. प्रत्यक्षात दोन त्रिकोण, आणि ग एकटाच बाहेर.

नोंद बघून थांबायचं नाही, नोंदींच्या मागोमाग मुखियापर्यंत जायचं:

```python
def find(x):
    while parent[x] != x:
        x = parent[x]
    return x

a, b = find(u), find(v)
if a != b:
    parent[a] = b
```

आता अ पासून ब, ब पासून क असं जाऊन दोघांचा मुखिया क निघतो आणि अ–क नाकारली जाते. अशी चूक लवकर लक्षात येत नाही, कारण लहान उदाहरणात अनेकदा नोंद आणि मुखिया एकच असतात.

अर्धवर्तुळ

मान्य. मी मोजणीचाच नियम धरून बसलो होतो. ज्या गणितांवर मी सराव केला त्यांत एकच तुकडा वाढत जायचा, त्यामुळे तो 'दोन्ही टोकं जुनी' नियम चालून गेला असावा. एका जागेवरून वाढणाऱ्या प्रिमच्या पद्धतीत तो खराच आहे, बहुतेक तिथूनच मी तो इकडे आणला.

कोपरा

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण पावसाळी_ढग यांच्या चुकीत मला फार सुंदर काहीतरी दिसलं.

त्यांच्या नियमाने एज कधी घेतली जाते? तिच्या एका तरी टोकाला आधी कुणी शिवलेलं नसेल तेव्हा. यादी चढत्या क्रमाने आहे. म्हणजे ज्या नोडला पहिल्यांदा स्पर्श होतो, तो त्याच्या स्वतःच्या सगळ्यात हलक्या एजने होतो. थोडक्यात, त्यांनी प्रत्येक नोडची सगळ्यात स्वस्त एज निवडली: अ ची ३, क ची ५, ड ची ४, फ ची ६, ग ची १२. वजनं सगळी वेगळी असतील तर ग्राफ कुठलाही घ्या, हा नियम हेच देणार.

आणि ही तर बोरूव्काच्या पद्धतीची पहिली फेरी आहे. ओटाकर बोरूव्का हे चेक गणिती. मोरावियात वीज पोहोचवताना तारांचं जाळं कमीत कमी खर्चात कसं टाकावं, या प्रश्नावर त्यांनी १९२६ मध्ये लिहिलं. क्रुस्कलचा लेख १९५६ चा, आणि त्यात बोरूव्कांच्या कामाचा उल्लेख आहे. बोरूव्कांच्या पद्धतीत प्रत्येक नोड आपली सर्वांत स्वस्त एज निवडतो. त्यातून तुकडे होतात. मग प्रत्येक तुकडा हा जणू एकच नोड आहे असं धरून, तो बाहेर जाणारी आपली सर्वांत स्वस्त एज निवडतो. तुकडा एकच उरेपर्यंत फेऱ्या चालतात.

इथे पहिल्या फेरीनंतर अ ब क आणि ड इ फ ग असे दोन तुकडे, बेरीज ३०. दुसऱ्या फेरीत दोन्ही तुकड्यांकडून एकच उत्तर, ब–ड ९. झाले ३९. म्हणजे त्यांच्या पाचही एज बरोबरच होत्या, एकही वाया गेली नाही. त्या एक फेरी आधी थांबल्या.

पावसाळी_ढग

हे वाचून खूप बरं वाटलं. आता परीक्षेच्या दृष्टीने एकच. इ–ग घेतल्यावर सहा एज झाल्या. ड–ग आणि क–फ 'नाकारल्या' म्हणून लिहायच्या का?

खडू_फळा

मी तपासायला असते तर पूर्ण गुण दिले असते, लिहिल्या तरी आणि नाही लिहिल्या तरी. पण काटेकोर बोलायचं तर अ–क, ड–फ, क–ड या तपासून नाकारलेल्या आहेत आणि शेवटच्या दोन तपासायची वेळच आली नाही.

अर्धवर्तुळ

मॅडम, आमच्या कॉलेजात याच्यावर गुण कापले होते. प्रश्नात 'सायकल होणाऱ्या एज दाखवा' असं होतं आणि शेवटच्या दोन नाहीत म्हणून एक गुण गेला. मी म्हणेन लिहूनच टाक: ड–ग मुळे ड–इ–ग, क–फ मुळे क–ब–ड–इ–फ.

खडू_फळा

तसं लिहिलंस तर 'सहा एज पूर्ण, अल्गोरिदम इथे थांबतो' ही ओळ त्यांच्या आधी लिही, म्हणजे दोन्ही मतांच्या परीक्षकांना चालेल. कुठलं बरोबर यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं कधी एकमत झालं नाही.

विहीरवाला

वेगळा प्रश्न म्हणालात ते समजलं. आता माझा खरा त्रास सांगतो. तुमच्या ३९ च्या झाडात ब–ड चा पाइप फुटला तर ड, इ, फ, ग चौघंही कोरडे. आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात असं झालं, चार दिवस बैलगाडीने पिंपं भरून पाणी नेलं. नाकारलेल्यांपैकी कुठले पाइप आधीच टाकून ठेवावेत, म्हणजे कुठलाही एक फुटला तरी सगळ्यांना पाणी मिळेल?

रात्रपाळी

चांगला प्रश्न आहे. नाकारलेली एज ज्या सायकलमध्ये असते, त्या सायकलवरचा कुठलाही पाइप फुटला तर ती उपयोगी पडते. अ–ब ला वाचवणारी फक्त अ–क आहे, इ–ग ला वाचवणारी फक्त ड–ग, म्हणून त्या दोन्ही लागतातच. मग ब–ड आणि इ–फ उरतात. क–ड आणि ड–फ घेतल्या तर त्या दोघी मिळून १८ च्या, पण एकटी क–फ १५ मध्ये दोन्ही सांभाळते. सगळ्यात महाग म्हणून शेवटी राहिलेली एज इथे सगळ्यात उपयोगी! ३९ मध्ये ७, १४ आणि १५ मिळवून ७५.

विहीरवाला

रात्री कागदावर पेन्सिलने बसलो. ७५ लागत नाहीत. विहिरीपासून निघून सगळ्यांना शिवून परत विहिरीवर येणारी एकच फेरी टाकली: अ–ब, ब–ड, ड–ग, ग–इ, इ–फ, फ–क, क–अ. ३ + ९ + १४ + १२ + ६ + १५ + ७ = ६६. कुठेही फुटला तरी दुसऱ्या बाजूने पाणी येतं. बघा कुठे चुकलो का.

रात्रपाळी

चुकला नाहीत. मी झाडाला हात न लावता भर घालत होतो. तुम्ही ब–क ५ आणि ड–इ ४ काढून टाकले, आणि क्रुस्कलने तर ते अगदी सुरुवातीला घेतले होते.

खडू_फळा

विहीरवाला, हे फार छान केलंत. एक पाइप गेला तरी चालायला हवं अशी अट आली की हलक्यापासून एकेक उचलत जायची पद्धत पुरत नाही. असा प्रश्न मोठ्या ग्राफवर अचूक सोडवणं फार अवघड आहे, त्याला क्रुस्कलसारखा सोपा मार्ग माहीत नाही.

पावसाळी_ढग

६६ पेक्षा कमी होत असेल का? अ, ग यांना दोनच एज आहेत, म्हणून ३, ७, १२, १४ तर सगळ्यांनाच लागतील, ते ३६ झाले. उरलेल्या ३० मध्ये काही वाचतं का, ते पेपर झाला की बसून बघते.